पाळीचा अंदाज: नुसत्या तारखा की रात्रीचं तापमान?

गुहागरच्या माझ्या मामेबहिणीचं उदाहरण घेते. तिची पाळीची सायकल साधारण २८ दिवसांची, स्मार्ट घड्याळात फक्त पाळीच्या तारखा टाकायची, म्हणजे घड्याळ मागच्या सायकलींची सरासरी काढून पुढची तारीख सांगणार, बस्स. एरवी जमतं. पण ओव्ह्युलेशन, म्हणजे अंडाशयातून बीज बाहेर पडणं, १४व्या ऐवजी २०व्या दिवशी झालं तर? त्यानंतर पाळी यायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणजे ३४वा दिवस उजाडणार, आणि तारखांवरचं घड्याळ २८व्यालाच "येणार" म्हणून बसलेलं, बाई उगाच टेन्शनमध्ये.

तापमानवालं घड्याळ इथे भारी पडतं. ओव्ह्युलेशननंतर प्रोजेस्टेरॉन या हार्मोनमुळे झोपेतलं तापमान थोडंसं, अर्धा डिग्री सेल्सिअसच्या आतबाहेर, वाढतं आणि पाळीपर्यंत टिकतं. २२-२३व्या दिवशी ग्राफ चढलेला दिसला की घड्याळ तारीख पुढे ढकलू शकतं. पण नीट बघा, चढ दिसतो तो ओव्ह्युलेशन होऊन गेल्यावर! त्यामुळे दिवस राहू नयेत म्हणून यावर अजिबात विसंबू नका.

शिवाय मनगटाची कातडी बाहेरची हवाही धरते. मे महिन्यात लाईट गेली, पंखा बंद, घामाने पट्टा चिकट, की आकडा वर. गणपतीत भजनाला जागरण झालं की झोपच अर्धी, डेटा तुटक. तापातही चढतो. एखाद्या रात्रीचा उंचवटा सोडून द्यायचा, सलग तीनेक रात्री वर राहिला तरच धरायचा.

माझं मत विचाराल तर सायकल मागेपुढे होणारीने तापमानवालं घ्यावं, नियमित असेल तर तारखा पुरतात. पीसीओएस असेल, गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर मात्र दोन्ही गंडू शकतात.