व्होल्टमीटर चुकतोय: आधी सरासरी की आधी रेफरन्स?

ठाण्यातल्या घरात इन्व्हर्टरच्या बॅटरीवर लावायला अर्डुइनो उनोचा व्होल्टमीटर केला, की पहिला मोह होतो ६४ रीडिंग्जची सरासरी घेण्याचा. फुकटच असते ना! शेवटचा नाचणारा आकडा थांबतोही. पण चूक तशीच राहते.

३० के आणि १० केच्या रेझिस्टर डिव्हायडरवर १२ व्होल्टचे ३ व्होल्ट होतात. कोड रेफरन्स, म्हणजे ज्याच्याशी तुलना करून उनो मोजतो ते व्होल्टेज, ५ व्होल्ट धरतो, पण यूएसबीवर प्रत्यक्षात ४.७५च मिळाले, तर मोजणी ६१४ ऐवजी ६४७ जाते आणि पडद्यावर १२.६४ दिसते. सरासरीनंतरही १२.६४च, फक्त स्थिर. उतरलेली बॅटरी भरलेली वाटते.

म्हणून मी आधी टीएल४३१ ही स्थिर रेफरन्स व्होल्टेज देणारी चिप लावीन. तिचा रेफरन्स पाय कॅथोडला आणि अ‍ॅनोड ग्राउंडला जोडा, कॅथोडला ५ व्होल्टवरून १ केचा रेझिस्टर द्या, कॅथोड उनोच्या एआरईएफ पायाला जोडा, तिथे सुमारे २.४९५ व्होल्ट मिळतात. डिव्हायडर १० के-२ के करा, म्हणजे १५ व्होल्टपर्यंत मोजता येते. पहिल्या `analogRead` आधी `analogReference(EXTERNAL)` हवेच, नाहीतर आतला रेफरन्स बाहेरच्याशी शॉर्ट होतो.

रेझिस्टरच्या टॉलरन्सची चूक उरते. ती चांगल्या मल्टिमीटरशी ताडून कोडमधल्या गुणकात काढा. सरासरी त्यानंतर.