कोळसा नको म्हणणाऱ्या ताईसाठी: दोन प्रकारचे ईएसजी फंड शेजारी शेजारी

माझी आतेबहीण, आम्ही तिला ताई म्हणतो, भुसावळजवळ दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या अलीकडे राहते. वारा फिरला की दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर राखेची कणी बसते आणि गच्चीवरच्या कुरडया घाईने आत घ्याव्या लागतात. शाळेतून निवृत्त झाल्यावर मिळालेल्या रकमेतले तीन लाख तिला म्युच्युअल फंडात घालायचे होते. अट एकच: "माझा पैसा कोळशात जायला नको."

एजंटाने तिला ईएसजी फंडांचं, म्हणजे पर्यावरण, समाज आणि कारभार बघून शेअर निवडणाऱ्या फंडांचं, स्वतः छापून घेतलेलं एक पत्रक दिलं होतं. त्यावर पवनचक्की होती, साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या पठारावर दिसतात तशी. "म्हणजे पैसा पवनचक्क्यांत जाईल ना रे?" ताईने विचारलं. पत्रकात कुठल्याही फंडाची गाळणी काय आहे, म्हणजे कुठल्या कंपन्या घ्यायच्या नि कुठल्या गाळायच्या, याची एक ओळ नव्हती. म्हणून एका रविवारी आम्ही पत्रक बाजूला ठेवलं आणि खरे कागद काढून बसलो.

सुरुवात नावापासून केली, कारण नावात आता बरंच कळतं. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने जुलै २०२३ मध्ये ईएसजी योजनांसाठी सहा पद्धती ठरवून दिल्या आणि कुठली पद्धत वापरता ते योजनेच्या नावातच लिहायला सांगितलं. फंडातली किमान ८० टक्के रक्कम त्या पद्धतीनेच गुंतवावी लागते. म्हणजे ताईच्या तीन लाखांपैकी दोन लाख चाळीस हजार गाळणीतून जाणार. उरलेले साठ हजार योजनेच्या तत्त्वाच्या अगदी उलट ठिकाणी जाऊ नयेत एवढंच बंधन आहे. सहापैकी ताईच्या कामाच्या दोनच पद्धती होत्या: एक्सक्लूजन, म्हणजे काही धंदे सरसकट वगळणे, आणि बेस्ट इन क्लास, म्हणजे प्रत्येक क्षेत्रातले चांगले तेवढे निवडणे. इंटिग्रेशन हा तिसरा प्रकारही बाजारात खूप दिसतो. त्यात पर्यावरणाचा विचार इतर दहा गोष्टींबरोबर होतो, पण कुठलाही धंदा आपोआप बाद होत नाही. ताईची अट पाहता तो आम्ही लगेच सोडला.

बेस्ट इन क्लास समजावताना मी केळीचं उदाहरण घेतलं. नवतीची, म्हणजे नव्या लागवडीच्या केळीची, तुलना नवतीशी आणि जुन्या खोडाच्या पिलांवर घेतलेल्या पिलबागाची पिलबागाशी. इथेही सिमेंट कंपनी सिमेंट कंपन्यांशीच तोलली जाते आणि वीज कंपनी वीज कंपन्यांशी. त्यामुळे कोळसा जाळणारी कंपनी तिच्या भावंडांत बरी असेल, तर ती फंडात येऊ शकते. मे २०२२ मध्ये अमेरिकेतल्या एस अँड पी ५०० ईएसजी निर्देशांकातून विजेच्या मोटारी बनवणारी टेस्ला बाहेर गेली आणि तेल काढणारी एक्सॉनमोबिल आत राहिली, ते याच हिशेबाने. शिवाय पर्यावरण, समाज आणि कारभार या तिन्हींचे गुण एकत्र होतात, तेव्हा चांगलं संचालक मंडळ धुरामुळे गेलेले गुण भरून काढू शकतं. यात फसवणूक नाही, पद्धतच तशी आहे. पण पवनचक्कीचं चित्र दाखवून ही पद्धत विकली, तर घेणाऱ्याची दिशाभूलच होते.

मग एक्सक्लूजन. ताईला वाटलं, आपलं काम झालं. इथेच जास्त सावध राहावं लागतं, कारण काय वगळायचं ते फंडच ठरवतो. निफ्टी १०० ईएसजी निर्देशांकाचीच वगळण्याची यादी पाहा: तंबाखू, दारू, वादग्रस्त शस्त्रं आणि जुगार. कोळशाचं त्यात नाव नाही. म्हणून फंड कुठलाही असो, स्कीम इन्फर्मेशन डॉक्युमेंट, म्हणजे योजनेचं माहितीपत्र, उघडून त्यात कोळसा हा शब्द शोधायचा. तो सापडला तर दोन गोष्टी बघायच्या. वगळलंय ते कोळसा खोदणं की कोळशावर वीज बनवणं? दोन्ही वेगळे धंदे आहेत. आणि मर्यादा किती टक्क्यांची? समजा एका कंपनीची उलाढाल एक हजार कोटींची आहे आणि त्यातले ऐंशी कोटी कोळशाचे. मर्यादा पाच टक्के असेल तर ती बाद, दहा टक्के असेल तर ती आत. कंपनी तीच, धूरही तोच.

यानंतर दर महिन्याचं पोर्टफोलिओ पत्रक पाहिलं. ताई थबकली ती इथे. अशा फंडांत वरच्या नावांत पवनचक्की सहसा नसते. मोठ्या खाजगी बँका आणि आयटी कंपन्या असतात. बँकेला चिमणी नसते, म्हणून तिचे गुण चांगले येतात. ती बँक औष्णिक वीज प्रकल्पाला कर्ज देत असेल तर तो धूर कुठे मोजायचा? कंपन्यांनी पर्यावरण, समाज आणि कारभाराबद्दल जाहीर करायच्या, सेबीच्या बीआरएसआर कोअर या तपासल्या जाणाऱ्या आकड्यांत कंपनीचं स्वतःचं उत्सर्जन आणि तिने विकत घेतलेल्या विजेचं उत्सर्जन येतं. दिलेल्या कर्जामागचं येत नाही. आणि दीपनगरचं केंद्र महानिर्मितीचं, म्हणजे राज्य सरकारचं. महानिर्मितीचा शेअर बाजारात नाहीच, तेव्हा कुठलाही फंड तो वगळून दाखवू शकत नाही. ताईला हे सांगणं जड गेलं, पण पैसे घालण्याआधी कळलेलं बरं.

फंड खरंच वेगळा आहे का, हे तपासायला एक सोपा हिशेब केला. एका बाजूला शंभर मोठ्या कंपन्यांच्या निफ्टी १०० निर्देशांकातलं प्रत्येक कंपनीचं टक्क्यांतलं वजन, दुसऱ्या बाजूला फंडातले. प्रत्येक कंपनीचा दोन्हींपैकी लहान आकडा घ्यायचा आणि बेरीज करायची. एखादी बँक निर्देशांकात १० टक्के आणि फंडात ८ टक्के असेल, तर आठ धरायचे. बेरीज सत्तरच्या वर गेली तर बहुतेक पैसा निर्देशांकाची नक्कल करणाऱ्या साध्या इंडेक्स फंडासारखाच गुंतलाय असं मी समजतो. मग खर्च बघायचा. वर्षाला दोन टक्के खर्च म्हणजे तीन लाखांवर सहा हजार रुपये. ०.२ टक्क्यांच्या इंडेक्स फंडात तेच सहाशे. वरचे पाच हजार चारशे ताई कशासाठी देणार, ते कागदावर दिसायला हवं.

गाळणी कागदावर चांगली असून पाळली जात नाही, असंही घडतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये गोल्डमन सॅक्सच्या फंड कंपनीला अमेरिकेच्या नियामकाने ४० लाख डॉलरचा दंड केला. शेअर निवडण्याआधी भरायची ईएसजी प्रश्नावली बऱ्याच वेळा निवडीनंतर भरली गेली होती. बाहेरून हे ओळखणं कठीण असतं, पण आपल्याकडे एक खूण मिळते. ईएसजी योजनांना आता कंपन्यांच्या ठरावांवर केलेलं मतदान जाहीर करावं लागतं आणि पाठिंबा दिला किंवा नाकारला तो पर्यावरण, समाज की कारभाराच्या कारणाने, तेही सांगावं लागतं. बाजारातून शेअर घेताना पैसा कंपनीकडे जात नाही, विकणाऱ्याकडे जातो. तेव्हा फंडाचा खरा जोर या मतात आहे. वर्षभरात पर्यावरणाच्या कारणाने एकदाही विरोध नसेल, तर मी तो फंड मागे ठेवतो.

ताईने कोळशाची खाण आणि कोळशावरची वीज, दोन्ही वगळणारा आणि पाच टक्क्यांची मर्यादा लिहून दिलेला एक्सक्लूजन फंड निवडला. त्यात एक लाख, उरलेले दोन लाख साध्या इंडेक्स फंडात, आणि त्यात थोडा कोळसा असणार हे तिने समजून घेतलं. पोर्टफोलिओ महिना संपल्यावर दहा दिवसांत जाहीर होतो. तिच्या कॅलेंडरवर आता दर महिन्याच्या ११ तारखेला पेन्सिलीने गोल केलेला आहे.