कंपाउंडच्या पिलरला आरएमसी मागवायचं की साइटवर मिक्सर लावायचा?

आमचा प्लॉट काळ्या मातीतला. तीन बाजूंनी मिळून 240 फूट भिंत आणि दर 10 फुटांवर पिलर, म्हणजे 25 पिलर. अडीच बाय अडीचचं फूटभर जाडीचं फुटिंग, वर 9 बाय 9 इंचाचा कॉलम, तीन फूट जमिनीत आणि पाच फूट वर. मी दोन्ही करून बघितलंय, फुटिंगला आरएमसी म्हणजे प्लांटमधून गाडीत तयार येणारं काँक्रीट, आणि कॉलमला मिक्सर.

फुटिंगला साधारण साडेचार घनमीटर माल लागतो, त्यामुळे आरएमसीचा मोह होतोच. सकाळी गाडी येणार, दुपारपर्यंत सगळे खड्डे भरून मोकळं, ना वाळूचा ढीग ना सिमेंटची राखण. पुढच्या बाजूला खरंच तसंच झालं. पण मागच्या हद्दीपर्यंत गाडी जाईना, मग 80 फूट घमेल्याने वाहतूक, आणि ऊन वाढलं तसा माल घट्ट व्हायला लागला, तेवढ्यात कुणीतरी गाडीवाल्याला सांगून ड्रममध्ये पाण्याचा पाइप सोडला आणि मला कळेपर्यंत तीन खड्डे भरूनही झाले होते. संध्याकाळी त्या तिघांवरच पाणी तरंगत होतं. दुसऱ्या दिवशी खिळ्याने ओरखडलं तर वर पांढरी भुकटी निघाली, बाकीच्या फुटिंगवर खिळा नुसता घसरत होता. कॉलम बसतो तेवढी जागा तासून घेतली, पण आतल्या मालाचं काय करणार. माझं मन आरएमसीवरनं उडालं ते त्या पाइपामुळे, रेटमुळे नाही.

कॉलमला तर आरएमसी बसतच नाही असं माझं मत, इंजिनिअर लोकांचं वेगळं असू शकतं. शटरिंगच्या पेट्या आमच्याकडे नऊच होत्या, म्हणजे एका दिवशी नऊ पिलर, त्यासाठी कोण गाडी पाठवणार? एम 20 ला म्हणजे सिमेंट, वाळू, खडी 1:1.5:3 ला एका गोणीत साडेचार घनफुटाच्या आसपास माल होतो आणि आठ फुटांचा एक पिलर पण तेवढाच खातो, त्यामुळे हिशोब सोपा, पिलरमागे एक गोणी. आम्ही खालचे तीन फूट आधी भरले आणि वरचे पाच नंतर. गोणीमागे वाळूला दीड फर्मा, म्हणजे एका गोणीएवढं माप, खडीला तीन, आणि पाणी 25 लिटर, तेही बादलीला खूण करून. क्रश सँड ओली असली तर त्यातनं दोन-तीन लिटर कमी करायचं. मिस्त्री कुरकुरला की माल जड आहे, मी म्हटलं सळईने कोच दादा, पाणी नाही मिळणार. पेट्या काढल्यावर एका पिलरच्या पायाशी खडी उघडी दिसली, कारण तिथे पेटीच्या फटीतनं स्लरी गळाली होती, बाकी सगळे गुळगुळीत.

मिक्सरला त्रास आहेच, आवाज, धूळ आणि दिवसभर बादलीपाशी उभं राहणं. ते जमणार नसेल आणि तिन्ही बाजूंना गाडीचा रस्ता असेल तर फुटिंगपुरती आरएमसी चालेल, फक्त पाइप आधी गुंडाळून घरात ठेवा.