सपोर्टचं कंत्राट मोडलं, त्याचा अनुभव

घरगुती पिठाच्या गिरण्या बनवण्याचा आमचा कारखाना गोकुळ शिरगाव एमआयडीसीत आहे. ग्राहकांचे फोन घ्यायचं काम बाहेरच्या एका एजन्सीला दिलं होतं. वर्षभर वापरून यंदा करार मोडला. नाव लिहीत नाही.

आलेल्या फोनपैकी 80 टक्के 20 सेकंदांत उचलायचे आणि सलग तीन महिने कमी पडलं तर आम्ही करार मोडू शकतो, अशी अट होती. एजन्सीचा रिपोर्ट दर महिन्याला 85 च्या वर. इकडे गडहिंग्लजचा डीलर बोंबलतोय, "साहेब, तुमचा नंबर कोण उचलतच नाही की!" मग टेलिफोन कंपनीकडून कॉल लॉग मागवला. एका सोमवारी 100 फोन आलेले. 30 जणांनी ताटकळून ठेवून दिले, उरलेल्या 70 पैकी 60 वेळेत उचलले. एजन्सी 60 ला 70 ने भागून 86 दाखवायची. आलेल्या सगळ्या फोनने भागलं की 60 च उरतात. पाच सेकंदांच्या आत कटलेले फोन वगळायला आमची ना नव्हती, पण तीन मिनिटं ट्यून ऐकून वैतागलेला माणूस हिशेबातच नाही म्हणजे कमाल झाली. करारात 'आलेले फोन' असं स्पष्ट होतं, म्हणून वाद फार चालला नाही. लॉग जोडून नोटीस दिली, सुधारायला करारातले 30 दिवस दिले, आकडा हलला नाही.

खरी दगदग ताबा घेताना झाली. स्क्रिप्ट म्हणून पीडीएफ आली, जुनी. "गिरणी सुरू होते पण पीठ जाड येतं" या तक्रारीला आधी जाळी विचारायची की दगड, हा क्रम त्यांच्या पोरींनी कामातून बसवला होता आणि तो त्यांच्या सॉफ्टवेअरमध्येच होता. तो मागून घेतला. रेकॉर्डिंगची हार्ड डिस्क मिळाली, पण फाइलच्या नावात फक्त तारीख आणि वेळ. तक्रार क्रमांकाशी जोडणारी यादी नसेल तर त्या ढिगातून वॉरंटीच्या भांडणातला एक फोन शोधणं अशक्य. आम्ही जुन्या तक्रारी हाताला येतील तशा निवडल्या आणि प्रत्येकीचा फोन, नोंद, बिलाचा फोटो सापडतो का बघितलं. फोटो बऱ्याच ठिकाणी उघडेनात, कारण एक्सेलमध्ये नुसत्या लिंक होत्या आणि आमचं लॉगिन बंद झालं की त्याही मेल्या. फोटो वेगळे उतरवून घेईपर्यंत लॉगिन चालू ठेवायला लावलं.

टोल फ्री नंबर सुदैवाने आमच्याच नावावर होता. तो एजन्सीच्या नावावर असता तर गिरणीवर छापलेला नंबर त्यांच्या हातात राहिला असता.

ग्राहकांचा डेटा पुसल्याचं लेखी पत्र आलंय. शेवटचं बिल मात्र अडवून ठेवलंय, रेकॉर्डिंगची उरलेली यादी आली की सोडू.