खाऱ्या काजूच्या पाकिटात 35 रुपये कसे जातात

म्हापशाच्या बाजारातलं एका ग्राहकाचं बिल समोर आहे. भाजलेल्या खाऱ्या काजूची दहा पाकिटं, प्रत्येकी 560 रुपये, एकूण 5600. करासकट किंमत ठरलेली, म्हणून त्यानं खालची ओळ वाचलीच नाही. तिथे लिहिलं होतं: करपात्र रक्कम 5000, सीजीएसटी 6 टक्के 300, एसजीएसटी 6 टक्के 300. बिल होतं ऑक्टोबर 2025 चं.

गोम इथेच आहे. भाजून-मीठ लावलेले काजू 12 टक्क्यांत होते, ते 22 सप्टेंबर 2025 पासून 5 टक्क्यांत आले. साधे सोललेले काजू आधीपासूनच 5 टक्क्यांत. पण बिलाचं सॉफ्टवेअर बाजारात काय बदललं ते पाहत नाही. ते आयटम मास्टरमध्ये, म्हणजे दुकानदारानं भरलेल्या मालाच्या यादीत, माल कुठल्या गटात टाकलाय ते पाहतं, त्या गटाचा दर उचलतं आणि करासकट किमतीतून उलट हिशेब करून मूळ रक्कम काढतं:

```
मूळ रक्कम = एकूण × 100 ÷ (100 + दर)
```

गटाचा दर जुनाच ठेवला तर एकूण आकडा एका पैशानंही हलत नाही, आणि म्हणूनच कुणाला संशय येत नाही. 500 मूळ रकमेवर 5 टक्के लावले की पाकीट 525 चं होतं. म्हणजे पाकिटामागे 35 रुपये जास्त, दहांमागे 350. दुकानदारानं तो जादा कर सरकारात भरला की स्वतःकडे ठेवला, हे बिलावरून कळत नाही. ग्राहकाकडून कराच्या नावानं घेतला गेला, एवढं मात्र नक्की.

दुसरी तऱ्हा पकडायला कठीण. दर 5 टक्के बरोबर छापलेला, किंमत मात्र 560 च. मग मूळ रक्कम 533.33 दिसते आणि कर प्रत्येकी 13.33, उरलेला एक पैसा राउंड ऑफमध्ये जातो. कर बरोबर, पण मूळ रक्कम 500 वरून 533 वर चढली. काजूचा भाव खरंच वाढलेला असू शकतो, म्हणून यावर लगेच फसवणुकीचा शिक्का मारू नका. 22 सप्टेंबरआधीचं बिल शोधा, त्यातली करपात्र रक्कम आताच्या रकमेशेजारी ठेवा आणि फरकाचं कारण विचारा. एकूण किमतींची तुलना करून हे कधीच कळणार नाही.

560 चे 5 टक्के म्हणजे 28 असा हिशेब करून दुकानदाराशी भांडू नका. कर मूळ रकमेवर असतो, एकूण रकमेवर नाही.

पहिल्या तऱ्हेचं बिल हाती आलं तर दुरुस्त बिल आणि जादा पैसे परत मागा. ग्राहक स्वतः जीएसटी नोंदणीधारक असेल तर क्रेडिट नोट मागावी. दुकानदार दाद देत नसेल तर बिलाचा स्पष्ट फोटो ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा. दर, तारीख आणि मालाचं नेमकं वर्णन, म्हणजे साधे की भाजलेले, तिन्ही सांगा.