केसाची पांढरी गाठ दाखवून विकलेले पॅकेज

टायफॉइडमधून बरी होऊन जेमतेम तीन महिने झाले असतील, तेव्हा डोके धुताना मूठमूठ केस हातात येऊ लागले आणि परीक्षेचा अभ्यास बाजूला ठेवून मी एका केशोपचार केंद्रात गेले. तिथे डॉक्टर भेटलेच नाहीत. समुपदेशक म्हणवणाऱ्या बाईंनी माझ्या खांद्यावर पडलेला केस उचलून कॅमेऱ्याखाली धरला, पडद्यावर त्याच्या टोकाची पांढरी गाठ दाखवली आणि सांगितले, "केस मुळासकट निघतोय, आता थांबलात तर मुळे कायमची जातील." मागे काही आजार झाला होता का, हे कोणीही विचारले नाही. महिन्याभरात गळती थांबेल या हमीवर सगळे पैसे आगाऊ घेतले, औषधाचे नाव नसलेल्या बाटल्या दिल्या, आणि गळती तशीच राहिल्यावर पुढचे पॅकेज सुचवले.

त्यानंतर मी एका त्वचारोगतज्ज्ञांना सविस्तर लिहिले. त्यांच्या उत्तराचा हा भाग इतरांच्याही उपयोगी पडावा म्हणून देत आहे.

"ती गाठ म्हणजे मूळ नव्हे. विश्रांतीच्या अवस्थेत गेलेल्या केसाचे टोक असेच गोल आणि पांढरे होते. केस जिथून उगवतो ती पेशींची पिशवी टाळूतच राहते. डोक्यावरचा केस साधारण 2 ते 6 वर्षे वाढतो, मग सुमारे 3 महिने नुसता थांबून राहतो आणि गळतो. मोठ्या तापाच्या धक्क्याने एरवी वाढत राहिले असते असे पुष्कळ केस एकदम विश्रांतीत जातात. म्हणजे आज गळणाऱ्या केसाचा निकाल तापातच लागलेला होता, आणि कोणतेही सीरम त्याला परत वाढीला लावू शकत नाही. अशी गळती बहुधा 6 महिन्यांच्या आत आपोआप ओसरते, त्यामुळे त्या काळात जो पैसे घेतो त्याला श्रेयही आयतेच मिळते.

हिमोग्लोबिन, शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन आणि थायरॉइड तपासून घ्या. बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, कारण त्यांनी थायरॉइडचा अहवाल चुकू शकतो. लोह कमी असेल तर त्याचा साठा भरायलाच काही महिने लागतात. नवा केस महिन्याला जेमतेम 1 सेंटिमीटर वाढतो, म्हणून गळती थांबल्यावरही वेणी पूर्वीसारखी जाड व्हायला वर्ष किंवा त्याहून अधिक काळ जातो. गळती 6 महिन्यांपुढे चालली किंवा भांग रुंद होत गेला, तर मात्र प्रत्यक्ष दाखवा, कारण ते वेगळे दुखणे असू शकते."

माझे फेरिटिन कमी निघाले आणि त्यांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. आता कपाळाच्या कडेला बोटाच्या पेराएवढे ताठ केस उभे राहिलेले दिसतात. केंद्राने पैसे परत करायला नकार दिला आहे. पावतीवर उपचाराचे नाव नाही, तपासणाऱ्या डॉक्टरचा नोंदणी क्रमांकही नाही, त्यामुळे तक्रार करणे कठीण झाले आहे. पैसे भरण्यापूर्वी या दोन्ही गोष्टी लेखी मागून घ्याव्यात.