आधी एसआय की फक्त घातांक?

फोटोतला प्रश्न: समांतर पट्ट्यांचा कपॅसिटर, A = 2 cm², d = 1 mm, मध्ये हवा, तर कपॅसिटन्स C किती? पर्याय 1.77 × 10⁻¹⁰, 10⁻¹¹, 10⁻¹² आणि 10⁻¹³ F.

पहिली पद्धत म्हणजे सगळं आधी एसआयमध्ये मांडणं: A = 2 × 10⁻⁴ m², d = 10⁻³ m. मग C = ε₀A/d = 8.85 × 10⁻¹² × 2 × 10⁻⁴ / 10⁻³ = 1.77 × 10⁻¹² F. वेळ थोडा जास्त लागतो, पण प्रत्येक रूपांतर कागदावर दिसतं. cm² साठी 10⁻² घेतलं तर उत्तर 10⁻¹⁰ येतं आणि तोही पर्याय समोर असतोच!

दुसरी पद्धत फक्त घातांक मोजते, कारण 1.77 सगळीकडे आहे: −12 − 4 + 3 = −13. इथेच घात होतो. 8.85 × 2 = 17.7, म्हणजे हातचा एक घातांकात जातो आणि खरं उत्तर 10⁻¹² ठरतं. हातचा तपासणार असाल तरच ही पद्धत वापरा.

फोटो धूसर असेल तर आम्ही पहिलीच निवडू. cm वरचा 2 पुसट असला तरी क्षेत्रफळाला वर्ग लागतोच, हे एकक लिहिताना लगेच कळतं. mm आणि μm मधला फरक मात्र सूत्र सांगत नाही. तिथे फोटो मोठा करूनच पाहावं लागतं.